मदत हवी आहे: विणलेल्या लेबलवर टॅगलाइन येणार नाही म्हणतात, मॉकअपमध्ये तर स्वच्छ दिसतेय!

पेठेतला_पोर

नमस्कार मंडळी. टी-शर्टचा छोटा ब्रँड सुरू करतोय, पहिली खेप ३०० नगांची. मॉकअप तयार आहे. मानेवर विणलेलं लेबल, त्याच्या खाली आतून छापलेला साइज टॅग आणि बाहीवर भरतकामाचा पॅच. लेबलवाल्याने आज डिझाइन परत पाठवलं. म्हणतो, खालची ओळ येणार नाही, नावातला अनुस्वारही नीट बसणार नाही. पॅचवाला म्हणतो, बॉर्डर जमणार नाही. स्क्रीनवर सगळं अगदी कोरीव दिसतंय. सोमवारी ऑर्डर पक्की करायची आहे. हे लोक काम टाळताहेत की डिझाइनमध्ये खरंच चूक आहे? लवकर सांगा प्लीज.

मेघना_पु

लेबल किती मिलिमीटरचं? अक्षरं देवनागरी का इंग्रजी? पॅचचा आकार कसा आहे? एवढंही न सांगता कोण काय सांगणार?

सदाशिव_न

विणलेलं लेबल घेऊच नका. सॅटिनच्या पट्टीवर छापून घ्या, केसाएवढी रेघसुद्धा येते. माझ्या मेव्हण्याच्या कुर्त्यांना आम्ही तेच लावतो, खर्चही कमी.

मेघना_पु

सदाशिवराव, बारीक अक्षर छापून चांगलं येतं हे बरोबर. पण शाई हलकी असेल तर धुऊन धुऊन ती फिकी पडते. विणलेल्या लेबलात अक्षर रंगीत धाग्याचंच असतं, ते पुसलं जात नाही. त्यांना ब्रँडचं नाव टिकवायचं आहे.

सदाशिव_न

चांगल्या शाईचं करा की. आमच्या एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

पेठेतला_पोर

सॉरी, घाईत राहिलं. लेबल ५० मि.मी. रुंद, डमास्क विणीचं, दोन्ही टोकं दुमडलेली. नाव देवनागरीत, त्यात रफार आणि अनुस्वार आहे (नोंदणी व्हायचीय, म्हणून नाव लिहीत नाही). खाली छोटी टॅगलाइन. पॅच पिंपळपानाच्या आकाराचा, ६० मि.मी. उंच, कडेला जाड गोलसर बॉर्डर. टी-शर्ट पांढरा आहे.

नोंदणीवाले_काका

नाव नोंदवल्याशिवाय लेबल विणू नका. कपड्यांसाठी वर्ग २५ मध्ये अर्ज करा. आधी शोध घ्या, मगच पैसे घाला.

पेठेतला_पोर

काका, अर्ज झालाय. माझा प्रश्न अक्षरांचा आहे.

धागेदोरे

पंधरा वर्षं लेबल आणि भरतकामाचंच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा लेबलवाला काम टाळत नाहीये.

मॉकअपमध्ये टी-शर्टचा गळा किती पिक्सेल रुंद आहे ते मोजा. त्यावर लेबल किती पिक्सेलचं आणि टॅगलाइनची उंची किती, तेही मोजून इथे लिहा. आणि एक सांगा, ते ५० मि.मी. दुमडण्याआधीचे की नंतरचे?

पेठेतला_पोर

गळा ९००, लेबल ४००, टॅगलाइन १० पिक्सेल. अनुस्वाराचा ठिपका ५. दुमडण्याआधीचे की नंतरचे? हा विचारच केला नव्हता. कोटेशनमध्ये 'कट साइज ५०' लिहिलंय.

धागेदोरे

बघा मग. मध्यम मापाच्या टी-शर्टचा गळा १८ सेंमी. धरू. ९०० पिक्सेल म्हणजे १८० मि.मी., म्हणजे एक पिक्सेल ०.२ मि.मी. तुमच्या चित्रातलं लेबल ८० मि.मी.चं आणि टॅगलाइन २ मि.मी. उंच. इंग्रजी कॅपिटलमध्ये असती तर तेवढी ती विणता आली असती.

पण कट साइज ५० आहे. टोकं दुमडायला प्रत्येक बाजूला साधारण ६ मि.मी. जातात, म्हणजे समोर दिसणार फक्त ३८. ८० चे ३८ झाले की २ मि.मी.ची टॅगलाइन ०.९५ वर येते आणि १ मि.मी.चा अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरवर. विणलेलं लेबल हे आलेख वहीच्या कागदासारखं असतं, एका चौकटीत एकच धागा. अर्ध्या मिलिमीटरात जेमतेम दोन-तीन धागे बसतात, त्यांतून गोल ठिपका निघत नाही. कुसळ चिकटल्यासारखं काहीतरी दिसतं. मॉकअपला धाग्याची जाडी माहीतच नसते, तो तुमचं चित्र बारीक करून त्यावर विणीचा पोत पसरतो.

त्यात देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. रफार वर, उकार खाली, मध्ये शिरोरेषा. इंग्रजी कॅपिटल २ मि.मी.ला वाचता येतात, देवनागरी ओळीला मी वरपासून खालपर्यंत ४ च्या खाली जात नाही. शिरोरेषा आणि ठिपका यांच्यात निदान एका धाग्याची मोकळी जागा हवी, नाहीतर दोन्ही एक होतात.

मेघना_पु

म्हणजे टॅगलाइन काढायचीच?

धागेदोरे

लेबलवरून काढायची. समोर दिसणारी रुंदी ६० घ्या, कट साइज ७२ लिहून द्या, त्यावर फक्त नाव. टॅगलाइन छापील टॅगमध्ये न्या, तिथे १.५ मि.मी.चं अक्षरही निघतं. फक्त पांढऱ्या कापडावर काळी शाई नको, मानेच्या मागून बाहेर दिसते. मध्यम राखाडी घ्या. शाई वाळल्यावर टी-शर्ट उजेडात धरून बाहेरून बघायचा, तेव्हाच खरं कळतं.

आईची_माया

माझ्या मुलीला मानेवरचं लेबल टोचायचं, शेवटी मी सगळी कापून टाकली. आत छापलेलं असताना विणलेलं कशाला हवं?

धागेदोरे

ताई, टोचते ती बहुधा कडा. गरम पात्याने कापताना धागा वितळून कडक होतो. इथे टोकं दुमडून शिवणीत जातील, त्यामुळे ती बोचणार नाहीत. वरखालच्या कडा मात्र मऊ आहेत का, ते नमुना गालावर घासून बघावं.

आईची_माया

तरी मी छापीलच घेईन. लहान मुलांच्या कपड्यांना तर नक्कीच.

पेठेतला_पोर

आणि पॅचची बॉर्डर?

धागेदोरे

ती जाड गोलसर कड म्हणजे मेरो. पॅच मशीनवर फिरवत फिरवत ती घालतात, त्यामुळे गोल, चौकोनी, ढालीसारख्या आकारांना छान बसते. पिंपळपानाच्या टोकाला वळण फार तीव्र आहे, तिथे धागा गोळा होतो आणि खालच्या खाचेत कापड उघडं राहतं. कडेला ३ मि.मी. रुंदीचे सॅटिन टाके भरून घ्या आणि मग लेझरने कापा. पॅचवर नाव असेल तर तिथे ८ मि.मी. उंची तरी द्या. भरतकामाची सुई लेबलाच्या विणीपेक्षा जाड काम करते, 'ध'सारख्या अक्षरांतली पोकळी बुजते.

सदाशिव_न

पानाचं टोक थोडं गोल केलं की मेरो बसेल. आम्ही करून घेतलंय.

धागेदोरे

टोकाला बसेल, मान्य. देठाजवळच्या खाचेचं काय?

पेठेतला_पोर

देठ काढता येणार नाही, ओळख त्यानेच होते. मेरो सोडतो.

मोजमापं बदलून लेबलवाल्याला पाठवली. कट ७२, फक्त नाव. तो म्हणाला, आधी नमुना विणून फोटो पाठवतो, पण अनुस्वार गोल येईल याची हमी देत नाही, चौकोनी करू का विचारतोय. चौकोनी केला तर पॅचवरही तोच ठेवावा लागेल ना?

मेघना_पु

चौकोनी करा. बोरूच्या अक्षरात ठिपका तसाच, तिरपा चौकोनी असतो.

धागेदोरे

तिरपा नको, तिरपी कड विणीत पायऱ्या पायऱ्यांची येते. सरळ चौकोन विणून बघा. आणि फोटोवर जाऊ नका, नमुना कुरिअरने मागवा आणि हातभर लांब धरून वाचा. सोमवार पुढे ढकलता येतो का बघा.