प्रतिसाद: अर्धवट फुगणाऱ्या पुऱ्या

> कणीक पोळीसारखीच मळते, तेलही चांगलं तापवते. तरी पुऱ्या एका बाजूनेच फुगतात, काही तर पापडासारख्या कडक होतात.

पोळीची कणीक पुरीला सैल पडते. सैल गोळी लाटताना चिकटते, मग आपण पिठी लावतो. ती तेलात सुटून जळते आणि तेल काळं होतं. पाव किलो कणकेला साधारण 110 ते 120 मिली पाणी पुरतं. एक चमचा तेल घालून, पाणी थोडं थोडं घेत घट्ट मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. गोळी दाबल्यावर कडेला भेगा पडल्या, तर मात्र ती जास्तच घट्ट झाली आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, कारण भेगेतून वाफ निसटते.

एका बाजूने फुगण्याचं कारण मला लाटण्यातच दिसतं. पुरी तेलात पडली की वरखालचे पापुद्रे आधी शिजतात आणि आत कोंडलेली वाफ त्यांना अलग करते. जिथे पुरी फार पातळ असते तिथे ती आरपार कडक होते, पापुद्रे सुटतच नाहीत. म्हणून जाडी सगळीकडे सारखी, साधारण दोन मिलिमीटर हवी. बहुतेकदा लाटण्याचा दाब मध्यावर पडतो आणि कड जाड राहते. पोळपाटाला तेलाचं बोट लावा, लाटणं हलक्या हाताने कडेपर्यंत न्या आणि पुरी थोडी थोडी फिरवत राहा. तळण्याआधी पुरी उजेडासमोर धरलीत, तर पातळ जागा लगेच दिसते. तशी पुरी मोडून पुन्हा गोळी करा.