मांजराचा दमा की जुनाट ब्रॉन्कायटिस? इनहेलरबद्दल मदत हवी आहे

माझी मांजर सहा वर्षांची आहे, घराबाहेर जात नाही. दोन महिन्यांपासून ती अंग जमिनीला टेकवून, मान पुढे ताणून खोकते. आधी मला केसांचा गोळा अडकलाय असंच वाटायचं, पण बाहेर काहीच पडत नाही. झोपेत श्वास मिनिटाला २८ ते ३२.

एक्स-रेमध्ये श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसल्या. डॉक्टर म्हणाले, दोन्ही आजारांत चित्र असंच दिसतं. फुप्फुसातल्या जंतांचं औषध देऊन झालं, फरक नाही. हृदयाची सोनोग्राफी ठीक आहे. मग प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, आज दहावा दिवस, खोकला निम्म्यावर आलाय.

आता भूल देऊन श्वासनलिका धुऊन नमुना घ्यायचा विषय निघालाय. त्यात इओसिनोफिल प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या तर दमा, न्यूट्रोफिल प्रकारच्या जास्त तर ब्रॉन्कायटिस, एवढं समजलं. पण स्टेरॉइडने इओसिनोफिल कमी होतात ना? मग आत्ताच्या नमुन्यावर कितपत विसंबायचं?

शिवाय पुढे फ्लुटिकासोन हे इनहेलरचं स्टेरॉइड स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधल्या नळीतून द्यायचंय. त्याचा पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून गोळ्या एकदम बंद करणार नाही. रिकामा मास्क ती चाटते, शांत बसते. पण पंप दाबल्याचा फुस्स आवाज आला की श्वासच रोखून धरते, आणि सात ते दहा श्वास मोजायचे असतात.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: नमुना गोळ्या सुरू असताना घेतला की थांबवून, आणि किती दिवस थांबवून? पंप आधी स्पेसरमध्ये दाबून मग लगेच मास्क लावला तर औषध पुरेसं पोचतं का?