मदत हवी आहे: करंट रेशो १.६, क्विक रेशो ०.५५. अशा गिऱ्हाइकाला ९० दिवसांची उधारी द्यावी का?

पुठ्ठा_सांगली
माझा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा छोटा कारखाना आहे. तासगाव भागातली बेदाण्याची प्रतवारी करून विकणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी १५ किलोच्या बॉक्सची १८ लाखांची ऑर्डर देतेय. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यायचा, पैसे ९० दिवसांनी. एमसीएच्या साइटवरून त्यांचा ३१ मार्चचा ताळेबंद काढला. आकडे लाखांत:

स्टॉक २१०, येणी ९५, रोख व बँक ७, जीएसटी क्रेडिट वगैरे ८. एकूण ३२०.
बँकेचं फिरतं कर्ज म्हणजे सीसी ११०, व्यापारी देणी ७५, इतर १५. एकूण २००.

३२० भागिले २००, म्हणजे करंट रेशो १.६. माझे सीए म्हणतात तो उत्तम आहे. पण स्टॉक वगळला की ११० भागिले २००, म्हणजे ०.५५ उरतो. कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवू?

अमेय_बीकॉम
सरळ नियम आहे. करंट २ हवा, क्विक १ हवा. दोन्ही नापास, ऑर्डर सोडा.

माजी_कर्जविभाग
अमेय, या नियमाने वॉलमार्टही नापास होईल. त्यांचा करंट रेशो वर्षानुवर्षे १ च्या खाली आहे, तरी पुरवठादारांना पैसे मिळतात, कारण बिलाची मुदत येण्याआधीच माल रोखीने खपलेला असतो. आपल्या बँकाही टंडन समितीपासून १.३३ ला पुरेसं मानत आल्या आहेत. रेशो कोणत्या धंद्याचा आणि कोणत्या तारखेचा, ते आधी बघायचं.

पुठ्ठा साहेब, इथे तारीखच महत्त्वाची आहे. बेदाणा तयार होतो फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे ३१ मार्चला कोल्ड स्टोरेज भरत आलेलं असतं. तो माल सणांपर्यंत हळूहळू विकला जातो. म्हणून २१० लाखांचा स्टॉक खोटा नाही, पण तुमच्या ९० दिवसांत त्यातला थोडाच रोख होईल. शिवाय सीसी त्याच मालाच्या तारणावर असणार. माल विकला की पैसा आधी बँकेच्या खात्यात. तुमचा नंबर नंतर.

हार्डवेअर_मिरज
माझंही असंच आहे हो. सीसी नूतनीकरणाला बँक १.३३ मागते, माझा १.२५ येतो. मार्चअखेर उधारी गोळा करून सीसीत भरली तर वाढेल ना?

माजी_कर्जविभाग
वाढेल. पण त्यात काय होतं ते वरच्याच आकड्यांवर बघा. समजा त्या कंपनीने ३० मार्चला ६० लाखांची येणी वसूल करून सीसीत भरली. करंट रेशो २६० भागिले १४०, म्हणजे १.८६. क्विक रेशो ५० भागिले १४०, म्हणजे ०.३६. एकच व्यवहार, एक आकडा चढला आणि दुसरा उतरला. रेशो १ च्या वर असेल तर देणं फेडल्यावर तो वाढतो, खाली असेल तर घटतो. म्हणून मी कधीही एकट्या करंट रेशोवर सही केली नाही.

आणि क्विक रेशोवरही आंधळा विश्वास नको. तो स्टॉक वगळतो, पण सगळी येणी वसूल होणारच असं धरून चालतो. ताळेबंदाच्या टिपांमध्ये येण्यांचं वयाप्रमाणे कोष्टक असतं, २०२१-२२ पासून ते द्यावंच लागतं. सहा महिन्यांपेक्षा जुनी किती ते बघा.

पुठ्ठा_सांगली
बघितलं काका. ९५ पैकी ३० लाख सहा महिन्यांहून जुने, त्यातले बरेचसे एक वर्षावरचे. ते काढले तर ८० भागिले २००, म्हणजे ०.४०.

माजी_कर्जविभाग
मग तोच तुमच्या कामाचा आकडा. आता देण्यांचं कोष्टकही वाचा. पुरवठादारांचे पैसे वर्षभर थकलेले दिसले तर रेशो काहीही असो, उत्तर तिथेच मिळतं.

सीमा_करसल्ला
एक मुद्दा राहतोय. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर ९० दिवसांचा करार टिकत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करारातही ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. उशीर केला तर आयकरात त्यांना तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. मार्चमध्ये माल घेणाऱ्याला हे बोचतं.

पुठ्ठा_सांगली
उद्यम नोंदणी आहे, लघुमध्ये. देण्यांच्या कोष्टकात एक वर्षावरचं काही नाही, सगळी ७५ लाख वर्षाच्या आतली. निम्मे आगाऊ आणि उरलेले ४५ दिवसांत, असं सांगून बघतो.

अमेय_बीकॉम
पण काका, वर्षाच्या आतली म्हणजे दोन महिने की अकरा, हे त्यात कळत नाही ना?

माजी_कर्जविभाग
नाही कळत. त्यासाठी त्यांना ट्रे किंवा प्लॅस्टिक पिशव्या पुरवणाऱ्या एखाद्याला गाठून विचारावं लागेल.