प्लक बेस: आधी एन्व्हलप की आधी रेझोनन्स?

अंधेरीलोकल
व्हायटल सिंथमध्ये प्लक बेस बनवतोय. एक सॉ वेव्ह, लो-पास फिल्टर, ११० बीपीएमवर सिक्स्टीन्थ नोट्स, बहुतेक खालच्या ए वर. रेझोनन्स वाढवला की हवा तो ‘टुक्’ मिळतो, पण खर्ज पातळ होतो. कमी केला की सगळंच मऊ पडतं. फिल्टरचा डीके २०० मिलिसेकंद ठेवला काय नि ६०० ठेवला काय, फारसा फरक कळत नाही. आधी काय लावायचं?

खर्जप्रेमी
आधी एन्व्हलप. रेझोनन्स पार शून्यावर आण आणि पॅच त्याच्याशिवाय ‘टुक्’ म्हणेपर्यंत त्या नॉबला हात लावू नकोस. माझं मत ठाम आहे.

तुझ्या डीकेचं कोडं साधं आहे. ११० बीपीएमला एक सिक्स्टीन्थ साधारण १३६ मिलिसेकंदांची होते. तुझे २०० आणि ६०० दोन्ही त्याहून मोठे. म्हणजे फिल्टर पुरता मिटायच्या आतच पुढची नोट येते आणि तो परत उघडतो. मिटलेला आवाज कानाला मिळालाच नाही, तर उघडल्याचा ठोका जाणवणार कसा? त्यात पियानो रोलमध्ये नोटा अर्ध्या घराएवढ्या काढल्या असशील, तर नोट सुटल्याबरोबर डीके संपतो आणि पुढचं सगळं रिलीज ठरवतो. मग डीकेचा नॉब कितीही फिरव.

असं करून बघ. फिल्टर चोवीस डीबीचा घे. एन्व्हलपची अमाउंट शून्य करून नोट दाबून धर आणि कटऑफ खाली आणत जा. आवाजातली करकर जाऊन नुसता ‘हूं’ उरला की थांब. खालच्या ए साठी, म्हणजे ५५ हर्ट्झसाठी, हे ११० च्या आसपास येईल. आता अमाउंट वाढवून कटऑफ सुरुवातीला चार सप्तकं वर पोचेल असं कर, म्हणजे १७६० हर्ट्झपर्यंत. अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डीके ११० मिलिसेकंद, रिलीजही तेवढाच. आवाजाच्या एन्व्हलपचा सस्टेन मात्र पूर्ण ठेव, कारण मिटायचं काम फिल्टरनं करायचंय. आणि नोटा पूर्ण घर भरून काढ.

डीकेची रेषा सरळ असेल तर तिला पोटात वाक दे, म्हणजे आवाज आधी झपकन पडेल आणि मग सावकाश विझेल. मला विचारशील तर प्लकचा अर्धा जीव या वळणात आहे.

रात्रपाळी
पूर्ण असहमत. रेझोनन्स शेवटी लावायचा ही मिक्सिंगवाल्यांची सवय. रोलंडची ३०३ डोळ्यांसमोर आणा. १९८१ ची ती बेस सिंथची पेटी. फिल्टरसाठी नॉब मोजकेच: कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलप मॉड, डीके, अ‍ॅक्सेंट. अटॅकचा नॉबच नाही. तिची सगळी ओळख रेझोनन्समुळे. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हीच पेटी घेऊन राग वाजवले. त्यातल्या बेसचा ओला, चिवट टिपका रेझोनन्सशिवाय काढून दाखवा.

मी नेहमी रेझोनन्स साठ टक्क्यांवर ठेवूनच सुरुवात करतो. कटऑफ कुठे फिरतोय ते त्यानं स्वच्छ ऐकू येतं, मग एन्व्हलप कानानं लावता येतो. शून्यावर ठेवून लावायचा म्हणजे अंधारात दोरा ओवण्यासारखं.

खर्जप्रेमी
३०३ चंच उदाहरण माझ्या बाजूनं आहे. तिच्यावर रेझोनन्स तसाच ठेवून एन्व्हलप मॉड खाली आणा. सूर नाकात बोलल्यासारखा राहील, पण टिपका गेलेला असेल. आणि तिचा डीके फक्त फिल्टरसाठी आहे, आवाजाची घसरण त्या पेटीनं स्वतःकडे ठेवली आहे. म्हणजे बनवणाऱ्यांनीही फिल्टर मिटण्याचा वेळच हातात दिला.

कटऑफ ऐकू यावा म्हणून तात्पुरता रेझोनन्स चढवणं हे मात्र मान्य. मीही करतो. पण एन्व्हलप बसला की तो परत खाली.

ऑर्गनवाला
बेससाठी एवढं कशाला करताय? मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्यात फिंगर बेस, स्लॅप बेस तयार टोन असतात, बटण दाबलं की झालं. गेल्या महिन्यात हळदीच्या कार्यक्रमात मात्र घरी बनवलेला सिंथ बेस लावला आणि फजिती झाली. हेडफोनवर छाती हलत होती. तिथे साउंडवाल्याचे छोटे स्पीकर होते, तर बेस आहे की नाही हेच कळेना. नवरदेवाचे काका दोनदा येऊन सांगून गेले की बेस वाढवा. वाढवला तर सगळंच घुमायला लागलं. तेव्हा माझा सल्ला, फिल्टरच लावू नका.

खर्जप्रेमी
तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण इथे लागू पडतो. छोटा स्पीकर ५५ हर्ट्झ जेमतेम देतो. तिथे बेस ओळखू येतो तो ११०, १६५, २२० या वरच्या हार्मोनिक्समुळे. त्या ऐकू आल्या की खालचा सूर कान स्वतः भरून काढतो. तुमच्या पॅचमध्ये कटऑफ फार खाली असणार आणि अमाउंट कमी. फिल्टर काढला तर बेस ऐकू येईल, पण गायकाच्या अंगावर येईल. त्यापेक्षा अमाउंट वाढवा. उघडलेला तो क्षणभर सगळ्या स्पीकरवर पोचतो आणि लगेच जागा मोकळी करून देतो.

जुनी_तार
साधी गोष्ट आहे. तुणतुण्याची तार छेडा. पहिल्या क्षणी टणक, चकचकीत आवाज, मग तो मऊ होत विझतो. वरचे हार्मोनिक्स आधी मरतात, मूळ सूर उरतो. छेडलेली प्रत्येक तार अशीच वागते आणि फिल्टरचा एन्व्हलप तिचीच नक्कल करतो. तेव्हा खर्जप्रेमी बरोबर. तारेला कुठे रेझोनन्सचा नॉब असतो?

मिरजकर_तंबोरा
‘प्रत्येक तार’ म्हणू नका. तंबोऱ्याची तार छेडा आणि कान लावून बसा. जवारी नीट लावलेली असेल तर चमक छेडल्याबरोबर संपत नाही, नंतर उमलते. घोडीच्या किंचित गोलाईवर तार घासत राहते, खाली सुताचा धागा असतो, त्यानं वरचे स्वर एकामागून एक पुढे येतात. आमच्या घरात हे काम चालतं, धागा केसभर सरकवला तरी ते उमलणं बदलतं.

सिंथवर तसं हवं असेल तर अटॅक शून्य ठेवून भागत नाही. फिल्टरच्या एन्व्हलपला ८०-१०० मिलिसेकंदांचा अटॅक द्यावा लागतो, आणि हो, रेझोनन्सही लागतो, कारण एकेक हार्मोनिक उचलून दाखवायचं काम तोच करतो. याला प्लक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणतो.

रात्रपाळी
हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत.

जुनी_तार
तंबोऱ्याचं मान्य, ‘प्रत्येक’ हा शब्द मागे घेतो. पण सिक्स्टीन्थ नोटेच्या १३६ मिलिसेकंदांत १०० अटॅकलाच गेले तर उमलायला वेळ कुठे? ते लांब सुरांचं काम.

अंधेरीलोकल
करून बघितलं. नोटा खरंच अर्ध्या घराच्या होत्या. त्या पूर्ण केल्या, डीके ११० वर आणला, वळण दिलं आणि रेझोनन्स शून्यावर असताना पहिल्यांदा ‘टुक्’ आला. मग रेझोनन्स तीसच्या पुढे नेला, तर तीन गोष्टी झाल्या. खर्ज परत थोडा पातळ. ए घुमतो पण सी वर गेलो की तेवढा घुमत नाही. आणि मध्येच एखाद्या नोटेला सुरुवातीला ‘चट्’ असा आवाज येतो, दर वेळी नाही.

खर्जप्रेमी
शेवटचं आधी. ‘चट्’ दर वेळी येत नाही यातच उत्तर आहे. ऑसिलेटरची फेज रँडम असणार, व्हायटल सुरुवातीला तशीच देतो. वेव्ह दर नोटेला वेगळ्या जागेवरून सुरू होते, आणि सुरुवात उंचावर झाली तर तिथे खट्याक. रँडमचा नॉब शून्यावर ने आणि आवाजाच्या अटॅकला एक-दोन मिलिसेकंद दे. त्याहून जास्त नको, टिपका बोथट होईल.

खर्जाचं कारण दोनपैकी एक असेल. लॅडर पद्धतीच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स म्हणजे बाहेर आलेला आवाज उलटा करून परत आत सोडणं. त्यात कटऑफच्या खालचा सगळा भागच दबतो. १९७० च्या मिनीमूगपासून हा स्वभाव आहे. दुसरं म्हणजे ट्रॅकवर कंप्रेसर असेल, तर रेझोनन्सचं टोक उसळलं की तो सगळाच आवाज दाबतो. आधी कंप्रेसर बंद करून ऐक. तरी पातळ वाटला तर फिल्टरचा प्रकार बदलून बघ.

ए आणि सी चं पण सांगतो. तुझा खालचा कटऑफ आता कितीवर आहे?

अंधेरीलोकल
१६५ च्या जवळपास. जरा उजळ हवा होता म्हणून वर नेला.

खर्जप्रेमी
मग झालंच. १६५ म्हणजे ए ची तिसरी हार्मोनिक. फिल्टर मिटून तिथे येऊन थांबतो आणि रेझोनन्सचं टोक नेमकं तिच्यावर बसतं, म्हणून ए घुमतो. बारीक ऐकलंस तर त्या घुमण्यात ई चा सूर सापडेल. वरच्या सी ची मूळ वारंवारता ६५ च्या थोडी वर, तिच्या हार्मोनिक्स १३१ आणि १९६. १६५ वर तिचं काहीच नाही. फिल्टरचं की ट्रॅकिंग शंभर टक्के कर, म्हणजे कटऑफ नोटेबरोबर सरकेल आणि दोघांना सारखी वागणूक मिळेल.

रात्रपाळी
शंभर टक्के केलं की वरच्या नोटा टोचतात. मी पन्नासच्या वर जात नाही. नोटांमधला हा थोडा असमानपणा मला तर हवाच असतो, त्यानं ओळ जिवंत वाटते.

आणि अंधेरीलोकल, खर्जासाठी एवढा जीव टाकू नकोस. दुसऱ्या ऑसिलेटरवर साधी साइन घे, ती फिल्टरच्या बाहेरून थेट सोड आणि वरच्या सॉ ला हवा तेवढा रेझोनन्स दे.

खर्जप्रेमी
ती वाट मला पटत नाही. साइन न मिटता तशीच चालत राहते, टिपका तिच्या डोक्यावर वेगळा वाजतो. एकाच तारेतून आवाज आल्यासारखा वाटत नाही.

रात्रपाळी
साइनच्या आवाजालाही घसरण द्या ना. डीके ३०० च्या आसपास, सस्टेन निम्म्यावर.

खर्जप्रेमी
सिक्स्टीन्थमध्ये ३०० चा काय उपयोग? हेच तर वर बोललो.

रात्रपाळी
तिला मिटायचंच नाहीये. किंचित झुकली तरी पुरतं.

अंधेरीलोकल
फेज आणि कंप्रेसरचं जमलं, खर्ज परत आला. की ट्रॅकिंग सध्या पंचाहत्तरवर ठेवलंय. साइन लावून आणि न लावता दोन्ही ऐकले, हेडफोनवर साइनचा आवडला, फोनवर फरकच कळला नाही. एक नवीनच झालंय. पॅच मोनो केला, तर ए वरून सी वर जाताना सी ला प्लकच लागत नाही, सूर नुसता सरकतो.

मिरजकर_तंबोरा
लिगाटो चालू आहे का बघ. नोटा पूर्ण घर भरून काढल्यास ना, त्या एकमेकींवर थोड्या चढल्या असतील. पहिली सुटायच्या आत दुसरी आली की एन्व्हलप नव्यानं सुरू होत नाही, म्हणजे न छेडता नुसतं बोट सरकवल्यासारखं. लिगाटो बंद कर, नाहीतर नोटांच्या शेपट्या जरा कापून घे.

रात्रपाळी
सगळ्या कापू नकोस. एखादी चढलेली ठेवलीस तर तिथे सूर घसरतो, ३०३ वरची स्लाइड अशीच वाजते.