मदत हवी आहे: जळगावातील लहान फ्लॅट आणि दिवसभर बंद घर; कुत्र्याचे पिल्लू घ्यावे की मोठा बोका?

सातपुडा_सावली

नमस्कार. आम्ही जळगावात तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर, एका बेडरूमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी बँकेत नोकरी करते आणि यजमान भुसावळला रोज अप-डाउन करतात. चौथीतला मुलगा शाळेतून आजीकडे जातो आणि संध्याकाळी आमच्याबरोबर घरी येतो, त्यामुळे सकाळी नऊपासून साधारण साडेसहापर्यंत घराला कुलूप असते.

सध्या दोन प्राणी समोर आहेत. अमळनेरला दिरांच्या घरामागे एका गावठी कुत्रीला पिल्ले झाली असून ती सहा आठवड्यांची आहेत. दुसरीकडे, बदली होऊन जाणाऱ्या एका सहकाऱ्यांना त्यांच्या तीन वर्षांच्या बोक्यासाठी घर हवे आहे. त्याची नसबंदी आणि लसीकरण झालेले आहे. मुलाला पिल्लू हवे आहे. सासूबाई शाकाहारी आहेत आणि बोका दूध-पोळीवर राहणार असेल तरच आणा, असे त्यांचे म्हणणे आहे. मे महिन्यात आमचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो आणि घरात एसी नाही, कूलर आहे. कृपया या परिस्थितीचा विचार करून सुचवावे.

केळीबाग_रावेर

ताई, बेलाशक कुत्रा घ्या. आमच्या मळ्यात दोन आहेत. रात्री केळीच्या बागेत रानडुक्कर शिरू देत नाहीत आणि सालदार जे खाईल तेच खातात. गावठी जात उन्हाला दबत नाही.

सातपुडा_सावली

दादा, आभारी आहे. परंतु आमच्याकडे मळा नाही, गॅलरीसुद्धा चार फुटांची आहे.

पांझराकाठ

मी धुळ्याहून लिहितो आहे. नोकरदारांसाठी मांजरच योग्य. त्याला फिरवावे लागत नाही, शी-शू ते ट्रेमध्ये करते आणि दिवसाचा बराच वेळ झोपून काढते. खाण्याचाही प्रश्न येऊ नये, कारण आमच्या लहानपणी घरातले मांजर दूध-पोळीवरच वाढले होते. थोडक्यात, मांजराकडे लक्ष द्यावे लागत नाही.

गोठा_ते_गॅलरी

मी अनेक वर्षे पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. पांझराकाठ यांचे झोपेविषयीचे आणि ट्रेविषयीचे म्हणणे बरोबर आहे, खाण्याविषयीचे नाही. त्यांच्या लहानपणीचे मांजर दूध-पोळीबरोबर उंदीर, पाली आणि चिमण्याही खात असणार. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या बोक्याला ती सोय नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक प्राण्यांच्या मांसातूनच मिळतो आणि तो दीर्घकाळ कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय कायमचे बिघडू शकते. दुधाने तर पुष्कळ मोठ्या मांजरांना जुलाब होतात. कुत्र्याला नीट आखलेल्या शाकाहारी अन्नावर ठेवता येते, मांजराला तसे ठेवू नये. त्यामुळे सासूबाईंची अट बदलणार नसेल, तर बोक्याचा विचार तिथेच थांबवावा.

आता पिल्लू. सहा आठवड्यांचे पिल्लू आईपासून तोडण्याइतके मोठे नसते, निदान आठ आठवडे तरी ते आईजवळ राहू द्यावे. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा जेमतेम तीन तास लघवी धरू शकते आणि त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे लागते. तुमचे घर साडेनऊ तास बंद असते. म्हणजे ते रोज घरातच घाण करणार, त्यातच फिरणार, आणि हीच सवय पक्की होणार. बाहेर नेऊन शिकवावे म्हटले, तर पार्व्होची लस सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागते. तोवर जिथे भटकी कुत्री फिरतात त्या रस्त्यावर पिल्लाला खाली सोडणे धोक्याचे. दुपारी कोणी दोनदा येऊन जाणार असेल तरच पिल्लाचा विचार करावा.

बोक्याविषयी मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. केवळ कोरड्या दाण्यांवर ठेवलेला बोका पाणी कमी पितो, लघवी दाट होते, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्यामुळे ती खड्यांनी किंवा चिकट द्रवाने तुंबू शकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावे लागते. तुम्ही दिवसभर घरी नसता, तरी ट्रे पाहून पुष्कळ कळते. ओले झाल्यावर गोळा धरणारी वाळू वापरा आणि रोज संध्याकाळी गोळे मोजा. दोन-चार चांगले मोठे गोळे असतील तर ठीक आहे. नुसते चिंचोक्याएवढे गोळे दिसले, किंवा तो वारंवार ट्रेमध्ये बसून कण्हत असेल आणि काहीच येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. निम्मे जेवण ओल्या पाकिटातले द्यावे, कारण त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते.

सातपुडा_सावली

इतक्या तपशिलाबद्दल आभार. पाकिटातले अन्न वेगळ्या ताटलीत, स्वयंपाकघराबाहेर दिले तर चालेल का, हे सासूबाईंना विचारते. उन्हाचे काय करावे? कूलर लावून ठेवला तर खिडकी उघडी ठेवावी लागते.

गोठा_ते_गॅलरी

कूलरची हवा बाहेर जायला वाट हवीच, नाहीतर खोली नुसती दमट होते. म्हणून आधी खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवून घ्या. मच्छरदाणीची जाळी नखांनी फाटते. कबुतरांसाठी लावतात ती जाड नायलॉनची किंवा तारेची घ्या. कूलर खिडकीत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटीही बुजवा, बोका नेमका तिथूनच निघतो. मात्र कूलरची टाकी दुपारीच रिकामी होते आणि लोडशेडिंग झाले तर तेवढाही आधार राहत नाही. त्यामुळे बाथरूमचे दार उघडे ठेवून फरशी ओली करून जा आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. साध्या पाण्याने अंग ओले करून, बर्फ न लावता, दवाखान्यात न्यावे. पंचेचाळीस अंशांच्या दिवशी वरच्या मजल्यावर एवढे पुरेल, अशी हमी मी देणार नाही. तसल्या दिवसांत त्याला आजीकडे ठेवता आले तर उत्तम.

मेहरुण_सकाळ

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांची, शांत स्वभावाची गावठी कुत्री का पाहत नाही? आमच्याकडे अशीच आहे. सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणानंतर फिरवून आणतो, दुपारी शेजारच्या काकू अर्धा तास येतात. पूर्ण वाढलेली कुत्री आठ तास निभावते, शिवाय मुलाला खेळायला सोबत मिळते. सोसायटीने हरकत घेतली होती. कुत्रा पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचे पत्रक दाखवल्यावर विषय मिटला.

गोठा_ते_गॅलरी

हा पर्याय मलाही मान्य आहे, परंतु त्या अर्ध्या तासाच्या काकूंवाचून नव्हे.

सातपुडा_सावली

आमच्या शेजारी दोन्ही घरे नोकरदारांची आहेत, त्यामुळे तशा काकू मिळणे कठीण दिसते. सासूबाईंनी ताटली गॅलरीत ठेवण्यास होकार दिला आहे, परंतु पाकिटे फ्रिजमध्ये नकोत असे त्या म्हणतात, आणि उघडलेले पाकीट मेमध्ये बाहेर कसे टिकवावे हे मला समजत नाही.

गोठा_ते_गॅलरी

ते टिकत नाही. सर्वांत लहान पाकीट आणा, अर्धे सकाळी निघण्यापूर्वी तुमच्यासमोर खाऊ द्या, उरलेले टाकून द्या आणि संध्याकाळी दुसरे फोडा. खर्च वाढेल. सहकारी तयार असतील तर जाळी बसल्यावर बोका पंधरा दिवसांसाठी आणा, त्याचा जुना ट्रे आणि तीच वाळू मागून घ्या, आणि सुरुवातीचे दिवस त्याला बेडरूममध्येच राहू द्या. मुलाने त्याला पलंगाखालून ओढून काढू नये, एवढे मात्र आधीच सांगून ठेवा.