लाकडी तुळई आणि मधली पट्टी: क्षमतांची सरळ बेरीज चालते का?

मूळ मत, देवगड: माडीच्या ४ मीटर गाळ्यासाठी ७५ × २०० मिमीच्या दोन सागवानी फळ्यांमध्ये १० × २०० मिमीची पोलादी पट्टी बोल्टने आवळली आहे. लाकूड १० आणि पट्टी ११ किलोन्यूटन-मीटर मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, घेते, म्हणून तुळई २१ घेईल. बाकीचे गणित परीक्षेपुरते आहे.

दापोली: ही बेरीज मला मान्य नाही. दोन्ही एकत्र वाकतात, त्यामुळे एकाच उंचीवर दोघांचा स्ट्रेन, म्हणजे लांबीतला प्रमाणशीर बदल, सारखा असतो आणि पोलादातला स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचा आतला ताण, लाकडाच्या वीसपट होतो, कारण पोलादाचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, २ लाख आणि या सागाचा सुमारे १० हजार मेगापास्कल आहे. १० मिमीची पट्टी २०० मिमी रुंद लाकूड माना, म्हणजे एकूण रुंदी ३५० होते. लाकूड आपल्या १० मेगापास्कलच्या मर्यादेला पोहोचेल तेव्हा पट्टीत २०० असतील, पण आपण तिला १६५ चीच मुभा दिली आहे. म्हणून लाकूड ८.२५ वर थांबते आणि तुळई १९.२५ घेते.

मालवण: मग पट्टीची उंची १५० करा, म्हणजे लाकूड १० ला असताना पट्टी १५० वर राहील आणि लाकूड वाया जाणार नाही. हीच तुळई अधिक बळकट.

दापोली: स्ट्रेस आपण बरोबर काढलात, निष्कर्ष मात्र चुकला. त्या तुळईची क्षमता १५.६ वर येते. लाकूड पुरेपूर वापरणे हा हेतूच नव्हे.

गुहागर: आपण सर्व जण आकड्यांत गुंतला आहात. आमच्या माडीला ओले लाकूड वापरले. ते सुकून आकसले, बोल्ट सैल झाले, खाऱ्या वाऱ्याने वॉशर गंजले आणि पट्टी नुसती लटकत राहिली. तुळई मधोमध खचली, तरी सुतार आजही लाकडालाच दोष देतो!

देवगड: तो दोष सुताराचा, माझ्या गणिताचा नव्हे.

दापोली: गणिताचाही आहे, कारण पट्टी आणि लाकूड एकत्र वाकतात हे बोल्टच ठरवतात. ते सैल झाले, तर वरून येणारा भार पट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि लाकूड एकटे पडते. ५ किलोन्यूटन प्रति मीटर भाराला मधला मोमेंट १० येतो. एकत्र वाकल्यास लाकडात ४.३ आणि पोलादात ८६ मेगापास्कल येतात, तर एकट्या लाकडात थेट १०. म्हणून सुकलेले लाकूड, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा आवळणे, हे हिशेबाचेच भाग आहेत.

मालवण: आणि वर्षानुवर्षे भाराखाली लाकूड हळूहळू वाकत जाते, त्याचे काय?

दापोली: तो प्रश्न योग्य आहे. लाकडाचा परिणामी मॉड्युलस निम्मा झाला असे धरले, तर त्याच भाराला पट्टीतला स्ट्रेस ८६ वरून सुमारे १०९ होतो आणि लाकडातला २.७ वर उतरतो. म्हणून पट्टीची निवड या दीर्घकालीन आकड्यावर करावी.

देवगड: ठीक, १९.२५ धरतो. पण तो निम्मा मॉड्युलस किनाऱ्यावरच्या दमट सागाला लागू आहे, हे आपण अजून दाखवलेले नाही.