मदत हवी आहे: टॉप परफॉर्मर लिस्ट आणि स्टार बघून फंड निवडायचा का?

रेवा_ठाणे: नमस्कार मंडळी, बाबांचे थोडे पैसे लार्ज कॅप फंडात टाकायचेत. जुन्या कागदांत एका फंडाचा मार्च २०२३ अखेरचा ३ वर्षांचा रिटर्न २६ टक्क्यांच्या आसपास दिसतोय आणि त्याच फंडाचा फेब्रुवारी अखेरचा साधारण १५. महिन्याभरात एवढं काय झालं? आणि बाबांची एक स्कीम २०१८ मध्ये दुसरीत मर्ज झाली, ती आता कुठल्याच लिस्टमध्ये नाही, तिचा रिटर्न गेला कुठे?

पैसे_जपून: ताई आधी रेग्युलर की डायरेक्ट ते बघा, कमिशनमुळे फरक पडतो. मी सगळे डायरेक्टला नेले.

रेवा_ठाणे: दोन्ही आकडे रेग्युलरचेच आहेत हो.

सांगलीकर: फंडाने काहीच केलेलं नाही, मोजायला सुरुवात कुठून केली ते बदललं. निफ्टीच बघा, फेब्रुवारी २०२० अखेर ११,२०० च्या आसपास होता, कोरोनात पडून मार्च अखेर ८,६०० वर आला. ३ वर्षांनी दोन्ही महिन्यांच्या शेवटी तो १७,३०० च्या जवळच होता, म्हणजे अख्ख्या महिन्यात जवळपास हललाच नाही, तरी वर्षाला साडेपंधराचे सव्वीस टक्के झाले, आणि त्यावेळी लिस्टमधले सगळेच फंड हुशार दिसत होते.

अमोघ_के: म्हणूनच ३ नाही, ५ वर्षांचा बघायचा. आणि स्टार रिस्क धरून देतात, त्यामुळे तिथे हा प्रॉब्लेम येत नाही.

सांगलीकर: रिस्क धरतात हे खरं, पण स्टार त्याच कॅटेगरीतल्या बाकीच्यांशी तुलना करून मिळतात. अख्खी कॅटेगरी इंडेक्सच्या मागे असली तरी कुणाला तरी ५ स्टार मिळणारच. आणि मार्च २०२५ चा ५ वर्षांचा आकडा त्याच मार्च २०२० च्या तळापासून सुरू होतो. त्यापेक्षा रोलिंग रिटर्न बघा, म्हणजे दर महिन्यापासून ३ वर्षं मोजायची आणि किती वेळा इंडेक्स हरला ते बघायचं, तोही डिव्हिडंड धरलेला टीआरआय.

आता मर्जरचं. सेबीने २०१७ मध्ये बहुतेक कॅटेगरीत एका कंपनीला एकच स्कीम असं ठरवलं, मग पुढच्या वर्षी बऱ्याच मर्ज झाल्या. ज्या स्कीमचं स्वरूप टिकलं तिचाच इतिहास सहसा पुढे दाखवतात, दुसरीचा लिस्टमधून जातो. समजा १० फंडांतले ७ टिकले, त्यांची सरासरी १४, गेलेल्या तिघांची ८. लिस्ट १४ दाखवते, पण सुरुवातीला डोळे झाकून एक निवडणाऱ्याला सरासरी १२.२ च मिळाले असते. फंडांची इंडेक्सशी तुलना करणाऱ्या स्पिवा रिपोर्टमध्ये म्हणूनच बंद पडलेले फंडही धरतात.

रेवा_ठाणे: मग बाबांच्या स्कीमचे जुने आकडे मिळतील?

सांगलीकर: फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या साईटवर जुन्या तारखेची एनएव्ही काढा. अडचण पुढे आहे, २०१८ च्या आधी लार्ज कॅपची आजच्यासारखी व्याख्याच नव्हती, त्यामुळे तेव्हाची कुठली स्कीम तुलनेच्या यादीत धरायची ते ज्याने त्याने ठरवायचं. मी पोर्टफोलिओ बघून ठरवतो.

अमोघ_के: मग तुमची यादी पण तुमच्या मतावरच झाली ना?

सांगलीकर: हो, तेवढा भाग माझ्या मताचाच आहे. कुणाकडे यापेक्षा बरी पद्धत असेल तर लिहा, मलाही हवी आहे.